महसूल का बदलला? व्यवस्थापन चर्चेतील कारणमीमांसेचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

सूचीबद्ध कंपनीच्या वार्षिक अहवालात ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रकाच्या जोडीला ‘व्यवस्थापन चर्चा आणि विश्लेषण’ हे स्वतंत्र प्रकरण असते. पत्रकांतून आकडे कळतात. ते आकडे तसे का आले, हे कंपनी चालवणाऱ्यांनी या प्रकरणात आपल्या शब्दांत सांगावे, अशी अपेक्षा असते. प्रस्तुत आढावा त्यातील एकाच प्रश्नापुरता मर्यादित आहे. महसूल, म्हणजे माल किंवा सेवा विकून वर्षभरात मिळालेले उत्पन्न, आधीच्या वर्षाच्या तुलनेत वाढले किंवा घटले असेल, तर त्याची कारणे सारवासारव न करता कशी मांडावीत, आणि तयार असलेला मसुदा त्या दृष्टीने नव्याने लिहायचा झाल्यास तो कोणत्या क्रमाने लिहावा, हा तो प्रश्न होय.

येथे सारवासारव म्हणजे खोटे विधान असे अभिप्रेत नाही. खोटे विधान हा फसवणुकीचा विषय आहे आणि त्याबाबत कायद्यात फारसा संदेह नाही. सारवासारवीत प्रत्येक वाक्य सुटेपणी खरे असू शकते, परंतु कारणांची निवड, त्यांचा क्रम आणि गाळलेले आकडे यांमुळे वाचकाचा समज चुकीच्या दिशेने जातो. म्हणूनच विशेषणे काढून टाकली की मजकूर निर्मळ झाला, असे मानता येत नाही. ‘दमदार वाढ’ ऐवजी ‘वाढ’ असे लिहिले, तरी ती वाढ कशातून आली हे झाकलेलेच राहू शकते.

नियमांची वाटचाल

या प्रकरणाचा आजचा साचा मुख्यतः अमेरिकेत घडला. तेथील रोखे व विनिमय आयोगाने १९८० मध्ये ‘रेग्युलेशन एस-के’ या नियमावलीतील कलम ३०३ द्वारे व्यवस्थापन चर्चेला आजच्या स्वरूपाच्या जवळ आणले आणि १९८९ मध्ये त्याचे विस्तृत स्पष्टीकरण प्रसिद्ध केले. व्यवसायाकडे व्यवस्थापन ज्या नजरेने पाहते, ती नजर गुंतवणूकदारालाही मिळावी, हे त्यामागचे तत्त्व होते.

या तत्त्वाची कसोटी लागली ती कॅटरपिलर या यंत्रनिर्मात्या कंपनीच्या प्रकरणात, ज्याचा आदेश आयोगाने १९९२ मध्ये दिला. कंपनीच्या १९८९ सालच्या निव्वळ नफ्यापैकी सुमारे २३ टक्के नफा ब्राझीलमधील उपकंपनीकडून आला होता, जरी महसुलातील तिचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास होता. हा नफा मुख्यत्वे यंत्रांच्या विक्रीतून आलेला नव्हता. चलनरूपांतरातील लाभ, निर्यात अनुदान आणि व्याज यांसारख्या घटकांचा त्यात मोठा भाग होता, आणि ब्राझीलमधील आर्थिक धोरण बदलताच तो आटण्याची शक्यता होती. संचालक मंडळापुढे व्यवस्थापनाने ही गोष्ट मांडली होती, परंतु अहवालातील चर्चेत ती आली नाही. हे प्रकरण नफ्याचे असले, तरी महसुलाच्या कारणमीमांसेलाही त्यातून एक उपयुक्त कसोटी मिळाली. संचालक मंडळाच्या टिपणात जे कारण लिहिले जाते तेच भागधारकांपुढे मांडले आहे का, हे पाहिले की मसुद्यातील उणीव बहुधा सापडते.

महसुलाबाबत अमेरिकी नियम आज बराच काटेकोर आहे. विक्रीत लक्षणीय बदल झाला असेल, तर तो किंमत बदलल्यामुळे किती, विकलेल्या मालाचे किंवा सेवेचे प्रमाण बदलल्यामुळे किती आणि नव्या उत्पादनांमुळे किती, हे सांगावे लागते. २०२० मधील दुरुस्तीने त्यात आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: एकाच आकड्याच्या पोटात परस्परविरोधी बदल होऊन ते एकमेकांना झाकत असतील, तर तेही कारणांसह आणि शक्य तेथे आकड्यांसह सांगितले पाहिजेत. महसूल जागच्या जागी दिसतो, पण आत एका उत्पादनाची विक्री घसरलेली आणि दुसऱ्याची वाढलेली असते, अशा स्थितीला हा नियम लागू पडतो.

भारतात कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींनंतर सूचीकरण कराराच्या कलम ४९ मधून ही चर्चा बंधनकारक झाली, आणि आता तिचा आधार सेबीच्या २०१५ च्या सूचीकरण व प्रकटन नियमांच्या परिशिष्ट पाचमध्ये आहे. त्यानुसार उद्योगाची रचना, संधी व धोके, विभागवार किंवा उत्पादनवार कामगिरी, पुढील अंदाज, जोखमी आणि कामकाजाच्या संदर्भात आर्थिक कामगिरी, असे विषय या चर्चेत यावे लागतात. २०१८ मधील दुरुस्तीनंतर चालू गुणोत्तर, कर्ज-भांडवल गुणोत्तर, नफ्याचे प्रमाण अशा प्रमुख गुणोत्तरांत २५ टक्के किंवा अधिक बदल झाल्यास त्याचे सविस्तर स्पष्टीकरणही द्यावे लागते. महसुलातील बदलाची किंमत आणि प्रमाण अशी फोड मात्र या यादीत नावानिशी मागितलेली नाही. ती देणे उद्योगातील प्रथेवर आणि व्यवस्थापनाच्या इच्छेवर अवलंबून राहते. आंतरराष्ट्रीय लेखामानक मंडळाचे २०१० मधील आणि २०२५ मध्ये सुधारलेले मार्गदर्शन याच दिशेचे असले, तरी ते आपोआप बंधनकारक होत नाही.

पहिली पायरी: दोन वर्षे एका मापात आणणे

कारणे शोधण्यापूर्वी तुलनेची दोन्ही वर्षे एकाच पद्धतीने मोजलेली आहेत का, हे पाहणे आवश्यक असते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्याआधी उत्पादन शुल्क महसुलाच्या आकड्यात धरले जात असे. नवा कर मात्र सरकारच्या वतीने गोळा केलेली रक्कम असल्याने महसुलात धरला जात नाही. परिणामी २०१७-१८ मध्ये अनेक उत्पादक कंपन्यांचा महसूल विक्रीत काहीही घट न होता कमी दिसला, आणि त्या वर्षीचे आकडे आधीच्या वर्षाशी थेट तुलनीय नाहीत अशी टीप द्यावी लागली. १ एप्रिल २०१८ पासून महसुलाच्या नोंदीसाठी ‘इंड एएस ११५’ हे लेखामानक लागू झाल्यावर काही उद्योगांत असाच प्रश्न पुन्हा आला.

मोजमापातील असा बदल, वर्षाच्या मध्यात विकत घेतलेला किंवा विकून टाकलेला व्यवसाय आणि निर्यातदार कंपनीच्या बाबतीत रुपयाचा विनिमय दर, हे तीन घटक प्रथम वेगळे काढावे लागतात. यांतील कोणताही घटक मिसळून राहिला, तर पुढची सारी कारणमीमांसा कितीही प्रामाणिकपणे लिहिली तरी चुकते.

दुसरी पायरी: बदलाची फोड

महसुलातील बदल किंमत, प्रमाण आणि उत्पादनांचा परस्पर वाटा यांत कसा विभागला जातो, हे एका काल्पनिक कंपनीच्या आकड्यांवरून पाहता येईल. ही कंपनी पीव्हीसीचे पाइप बनवते. या धंद्यात कच्चा माल म्हणजे पीव्हीसी राळ, आणि तिच्या भावाबरोबर पाइपांचा दर हलतो. २०२१ मध्ये राळेचे भाव झपाट्याने चढले आणि २०२२ मध्ये तितक्याच वेगाने उतरले, तेव्हा या उद्योगातील महसुलाचे आकडे वाचणे अवघड झाले होते. विक्री टनांत मोजली जात असल्यामुळे फोड करणे मात्र येथे सोपे असते.

समजा, या कंपनीने आधीच्या वर्षी शेतीचे ८०,००० टन पाइप किलोला १०० रुपये दराने आणि इमारतींतील नळकामाचे २०,००० टन पाइप किलोला १६० रुपये दराने विकले. दोन्ही मिळून महसूल १,१२० कोटी रुपये होतो. चालू वर्षी शेतीच्या पाइपांची विक्री ७०,००० टनांवर आली, पण दर १२५ रुपये झाला. नळकामाचे पाइप २४,००० टन विकले गेले आणि त्यांचा दर १९० रुपये झाला. नळकामाच्या पाइपांपैकी ३,००० टन हे वर्षात विकत घेतलेल्या एका छोट्या कंपनीचे आहेत. महसूल आता १,३३१ कोटी रुपये आहे, म्हणजे वाढ २११ कोटी रुपयांची किंवा १८.८ टक्क्यांची आहे.

प्रथम विकत घेतलेल्या कंपनीची विक्री, म्हणजे ५७ कोटी रुपये, बाजूला काढावी लागते. उरलेली १५४ कोटींची वाढ मूळ व्यवसायाची आहे. चालू वर्षी विकलेल्या मालाला दरातील फरकाने गुणले, तर शेतीच्या पाइपांत १७५ कोटी आणि नळकामाच्या पाइपांत ६३ कोटी, असा किंमतवाढीचा एकूण परिणाम २३८ कोटी रुपये येतो. प्रमाणातील फरकाला जुन्या दराने गुणले, तर शेतीच्या पाइपांत १०० कोटींची घट आणि नळकामाच्या पाइपांत १६ कोटींची वाढ, मिळून ८४ कोटी रुपयांची घट दिसते. मूळ व्यवसायातील विक्री १,००,००० टनांवरून ९१,००० टनांवर आलेली आहे. जवळपास १९ टक्क्यांच्या वाढीखाली मालाच्या खपातील ९ टक्क्यांची घट दडलेली होती, हे या फोडीने समोर येते.

८४ कोटींच्या घटीतही आणखी एक थर आहे. खप ९,००० टनांनी घटला, आणि जुना सरासरी दर किलोला ११२ रुपये धरला तर त्यामुळे सुमारे १०१ कोटी रुपये कमी व्हायला हवे होते. प्रत्यक्षात घट ८४ कोटींचीच झाली, कारण महाग असलेल्या नळकामाच्या पाइपांचा वाटा वाढला. हा सुमारे १७ कोटींचा फरक म्हणजे उत्पादनांच्या वाट्यातील बदलाचा परिणाम होय. पैशांत तो लहान असला, तरी व्यवसाय कोणत्या दिशेने सरकतो आहे हे त्यातून कळते.

तिसरी पायरी: कारणाला पुरावा

गणिताने इतके सांगितले, तरी शेतीच्या पाइपांची विक्री १०,००० टनांनी का घटली, हे अद्याप कळलेले नसते. ‘प्रमाण कमी झाल्यामुळे महसूल कमी झाला’ हे वाक्य कारण सांगत नाही. तीच गोष्ट ते दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगते. अनेक अहवालांतील चर्चा येथेच थांबते, आणि नियामकांच्या स्पष्टीकरणांत या पुनरुक्तीवर वारंवार बोट ठेवले गेले आहे.

आपल्या काल्पनिक कंपनीच्या पहिल्या मसुद्यात पुढील मजकूर होता असे समजू:

“आव्हानात्मक बाह्य परिस्थिती आणि काही भागांतील अवकाळी पाऊस असूनही, मजबूत ब्रँड, विस्तारलेले वितरकांचे जाळे आणि ग्राहकांचा विश्वास यांच्या बळावर कंपनीने महसुलात १९ टक्क्यांची दमदार वाढ नोंदवली.”

या वाक्यात एक विशिष्ट रचना आहे. प्रतिकूल गोष्टीचे कारण बाहेरचे आहे आणि अनुकूल गोष्टीचे कारण आतले. वाढीचे श्रेय ब्रँडला दिले आहे, परंतु ती आली राळेच्या भावातून. आणि अवकाळी पावसाचा उल्लेख असला, तरी त्यामुळे घट झाली हे मान्य करण्याऐवजी त्यावर मात केल्याचा भास निर्माण केला आहे.

पुनर्लेखन करणाऱ्याने येथे विक्री विभागाकडून काही ठोस गोष्टी मागवाव्या लागतात: महिनावार पाठवणी, विभागवार विक्री, वितरकांकडील शिल्लक साठा आणि रद्द झालेल्या किंवा पुढे ढकललेल्या मागण्या. शेतीच्या पाइपांची मुख्य खरेदी पावसाळ्याआधी, एप्रिल ते जूनच्या सुमारास होते. घट जर याच काळात आणि सर्व विभागांत सारखी झाली असेल, तर काही जिल्ह्यांत पडलेला अवकाळी पाऊस हे तिचे मुख्य कारण ठरू शकत नाही. त्याच वेळी वितरकांकडील साठाही घटला असेल, तर चढ्या भावात माल भरून ठेवण्याचे त्यांनी टाळले, हे अनुमान अधिक सबळ होते. याउलट घट पाऊस पडलेल्या विभागांपुरती असेल आणि अन्यत्र विक्री टिकून असेल, तर पावसाचे कारण खरे मानावे लागेल आणि ते तसे लिहिण्यात काही वावगे नाही. बाहेरचे कारण सांगणे हे स्वतःच सारवासारवीचे लक्षण नव्हे. पुराव्याशी न जुळणारे कारण सांगणे हे तिचे लक्षण आहे.

या माहितीनंतर तोच परिच्छेद पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

“महसूल १,१२० कोटी रुपयांवरून १,३३१ कोटी रुपयांवर गेला. राळेच्या भाववाढीनंतर विक्रीदर वाढवल्यामुळे २३८ कोटी रुपयांची भर पडली आणि वर्षात विकत घेतलेल्या कंपनीच्या विक्रीतून ५७ कोटी रुपये आले. मूळ व्यवसायातील खप १,००,००० टनांवरून ९१,००० टनांवर आला व त्यामुळे महसूल ८४ कोटी रुपयांनी कमी झाला. शेतीच्या पाइपांची विक्री १०,००० टनांनी घटली, तर नळकामाच्या पाइपांची १,००० टनांनी वाढली. शेतीच्या पाइपांतील घट मुख्यतः एप्रिल ते जून या काळात आणि सर्व विक्री विभागांत झाली. त्या काळात वितरकांकडील साठाही कमी झाला होता. त्यावरून चढ्या भावामुळे वितरकांनी माल भरला नाही आणि शेतकऱ्यांनी खरेदी पुढे ढकलली, असे व्यवस्थापनाचे मत आहे. पुढे ढकललेल्या खरेदीपैकी किती परत येईल, हे आज सांगता येत नाही. राळेचे भाव उतरल्यास दरवाढीतून आलेला महसूल कमी होऊ शकतो.”

नव्या परिच्छेदात विशेषण जवळजवळ नाही, परंतु त्याचे खरे वैशिष्ट्य अन्यत्र आहे. मोजलेल्या गोष्टी विधान म्हणून आल्या आहेत, पुराव्यावरून काढलेले अनुमान मत म्हणून आले आहे, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असेच लिहिले आहे. वाचकाला हे तीन स्तर वेगवेगळे ओळखता आले, म्हणजे कोणत्या वाक्यावर किती भिस्त ठेवावी हे त्याचे त्याला ठरवता येते. शिवाय शेवटच्या वाक्यामुळे वाढीचा किती भाग टिकाऊ आहे, या प्रश्नाचे उत्तर चर्चेतच मिळते.

वादातील मुख्य भूमिका

या विषयावरील मतभेद साधारणतः तीन भूमिकांभोवती एकवटलेले आहेत.

पहिली भूमिका ही भाषा मुळातच प्रतिमा जपण्यासाठी वापरली जाते, अशी आहे. जेम्स बेटमन आणि बार्टन वाइट्झ यांनी १९८३ मध्ये भागधारकांना लिहिलेल्या पत्रांतील कारणमीमांसा तपासली, आणि अपयशाची कारणे यशाच्या कारणांपेक्षा अधिक वेळा कंपनीबाहेर शोधली जातात, असे त्यांना आढळले. त्याच वर्षी बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा याच विषयावरील अभ्यासही प्रसिद्ध झाला. फेंग ली यांनी २००८ मध्ये दाखवून दिले की, नफा कमी असलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला अधिक अवघड असतात. या मताचे अभ्यासक व्यवस्थापनाच्या शब्दांकडे सावधपणे पाहण्याचा सल्ला देतात आणि आकड्यांतील फोड सक्तीची करावी, याकडे त्यांचा कल असतो.

दुसरी भूमिका याच निष्कर्षांचा वेगळा अर्थ लावते. रॉबर्ट ब्लूमफिल्ड यांनी ली यांच्या अभ्यासावर भाष्य करताना सुचवले की, वाईट बातमी समजावून सांगायला मुळातच अधिक शब्द आणि अधिक तपशील लागतात, त्यामुळे क्लिष्टता हे लपवालपवीचे लक्षण असेलच असे नाही. बेटमन आणि वाइट्झ यांनीही आपल्या निष्कर्षांचे एकच स्पष्टीकरण अंतिम मानले नव्हते. व्यवस्थापक यशाची अपेक्षा ठेवून योजना आखतो, म्हणून यश आले की त्याला आपली योजना आठवते आणि अपयश आले की अनपेक्षित अडथळा दिसतो, अशी हेतूविना होणारी प्रक्रियाही शक्य आहे. पुढे ब्रायन बुशी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मधील अभ्यासात भाषेच्या क्लिष्टतेचे माहिती देणारा भाग आणि झाकणारा भाग असे दोन घटक वेगळे करण्याचा प्रयत्न केला; दोन्ही घटक प्रत्यक्षात असतात, असे त्यातून सूचित होते.

तिसरी भूमिका कंपन्यांची आणि त्यांच्या कायदेशीर सल्लागारांची आहे. उत्पादनवार दर आणि प्रमाण जाहीर केल्यास स्पर्धकाला आणि मोठ्या खरेदीदाराला वाटाघाटीसाठी आयते हत्यार मिळते, हा त्यांचा पहिला मुद्दा आहे, आणि मोजके खरेदीदार असलेल्या उद्योगात तो गैरलागू म्हणता येत नाही. कारणे जितकी निश्चित शब्दांत मांडावीत तितकी ती नंतर चुकीची ठरून दावा होण्याची शक्यता वाढते, हा दुसरा मुद्दा आहे. या दुसऱ्या मुद्द्याच्या संदर्भात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये मॅक्वायरी इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात दिलेला निकाल महत्त्वाचा आहे. चर्चेत मागितलेली एखादी गोष्ट निव्वळ न सांगणे हे गुंतवणूकदाराच्या खासगी दाव्यासाठी, त्या प्रकरणात आधार घेतलेल्या फसवणूकविरोधी नियमाखाली, पुरेसे नाही. मात्र न सांगितल्यामुळे केलेले विधान अर्धसत्य ठरत असेल, तर दावा होऊ शकतो, असे न्यायालयाने म्हटले. आयोगाचा स्वतःचा कारवाईचा अधिकार त्यामुळे संपलेला नाही. मौन आणि अर्धसत्य यांतील ही सीमारेषा पुनर्लेखनाला थेट लागू पडते, कारण ‘मजबूत ब्रँडमुळे वाढ’ हे वाक्य खपातील घट न सांगता लिहिले, तर ते मौनापेक्षा अर्धसत्याच्या अधिक जवळ जाते.

या तीन भूमिकांच्या पलीकडे एक निरीक्षण सर्वांनाच अडचणीचे आहे. स्टीफन ब्राउन आणि जेनी टकर यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार, वर्षागणिक व्यवस्थापन चर्चा लांबत गेली, पण आधीच्या वर्षाच्या मजकुरात होणारा बदल कमी होत गेला आणि बाजाराचा तिला मिळणारा प्रतिसादही क्षीण झाला. मागील वर्षाचा परिच्छेद उचलून त्यातील आकडे बदलण्याची सवय हे त्याचे एक संभाव्य कारण आहे. यावरून पुनर्लेखनासाठी एक व्यावहारिक सूचना निघते: जुना मजकूर समोर ठेवून शब्द बदलण्यापेक्षा आकड्यांच्या फोडीपासून कोरा परिच्छेद लिहिणे श्रेयस्कर.

पडताळणी कोणी करावी

व्यवस्थापन चर्चा हा लेखापरीक्षणाखाली येणाऱ्या पत्रकांचा भाग नव्हे. भारतात सुधारित ‘एसए ७२०’ या लेखापरीक्षण मानकानुसार लेखापरीक्षकाने वार्षिक अहवालातील इतर माहिती वाचावी आणि ती आर्थिक पत्रकांशी किंवा परीक्षणात मिळालेल्या ज्ञानाशी ठळकपणे विसंगत आहे का, हे पाहावे, अशी अपेक्षा आहे. त्या माहितीबद्दल तो कोणतीही हमी देत नाही. त्यामुळे १,३३१ कोटी हा आकडा चुकला असेल तर तो लक्षात येईल, परंतु वाढीचे श्रेय ब्रँडला दिले की राळेच्या भावाला, हा प्रश्न बहुधा या वाचनाच्या कक्षेबाहेर राहतो.

एक पर्यायी पडताळणी बाजारातच उपलब्ध आहे. तिमाही निकालांनंतर विश्लेषकांबरोबर होणाऱ्या संभाषणांच्या ध्वनिमुद्रिका आणि लिखित प्रती प्रसिद्ध करणे सेबीने सूचीबद्ध कंपन्यांना १ एप्रिल २०२२ पासून बंधनकारक केले आहे. या संभाषणांत खपाचे टन, दर आणि साठा यांविषयी थेट प्रश्न विचारले जातात आणि उत्तरेही मिळतात. एखाद्या कंपनीने तेथे सांगितलेले कारण आणि वार्षिक अहवालातील कारण शेजारी ठेवून वाचले, तर कॅटरपिलर प्रकरणातील संचालक मंडळाच्या टिपणाची कसोटी सामान्य वाचकालाही काही अंशी वापरता येते. पुनर्लेखन करणाऱ्यानेही मसुदा पूर्ण करण्यापूर्वी वर्षभरातील चारही संभाषणांच्या प्रती वाचून घ्याव्यात, म्हणजे अहवाल त्यांच्याशी विसंगत राहणार नाही.

अनिर्णित राहिलेले प्रश्न

फोडीचे गणित वरवर वाटते तितके एकमेव नाही. वरील उदाहरणात किमतीचा परिणाम चालू वर्षाच्या टनांवर आणि प्रमाणाचा परिणाम जुन्या दरावर काढला होता. तोच हिशेब उलट आधाराने केला, म्हणजे किमतीसाठी जुने टन आणि प्रमाणासाठी नवे दर धरले, तर किमतीमुळे झालेली वाढ २३८ ऐवजी २६० कोटी आणि प्रमाणामुळे झालेली घट ८४ ऐवजी १०६ कोटी येते. दोन्ही उत्तरांची बेरीज १५४ कोटीच आहे. मधले २२ कोटी हे दर आणि प्रमाण एकाच वेळी बदलल्यामुळे निर्माण झालेले असून, ते कोणाच्या खात्यावर टाकायचे याला सर्वमान्य नियम नाही. किमान इतके अपेक्षित आहे की, कंपनीने एक पद्धत निवडावी, ती सांगावी आणि घट लहान दिसावी म्हणून वर्षागणिक ती बदलू नये.

सेवा व्यवसायांत तर टनासारखे माप नसते. माहिती तंत्रज्ञान कंपनीचा महसूल कामावरील माणसे, त्यांच्या तासांचा दर आणि त्यांच्या वेळेचा किती भाग ग्राहकाच्या कामी लागला यांवर ठरतो, पण ठरावीक रकमेच्या करारात दर आणि प्रमाण यांची रेषाच पुसली जाते. भारतीय कंपन्या विनिमय दराचा परिणाम वगळण्यासाठी स्थिर चलनातील वाढ सांगतात; रुपया घसरल्यामुळे फुगलेली वाढ त्यातून वेगळी होते, परंतु किंमत आणि प्रमाणाचा प्रश्न तसाच उरतो. अशा व्यवसायांसाठी फोडीचा कोणता साचा योग्य, यावर एकमत झालेले नाही.

कारणाचा प्रश्न याहूनही अवघड आहे. शेतकऱ्याने खरेदी चढ्या भावामुळे पुढे ढकलली की पिकाला कमी भाव मिळाल्यामुळे हाती पैसा नव्हता म्हणून, हे विक्रीच्या आकड्यांवरून निर्णायकपणे सांगता येत नाही. भाव चढला नसता तर काय झाले असते, हे कोणीच पाहिलेले नसते. काही अभ्यासकांच्या मते अशा ठिकाणी कंपनीने कारणच लिहू नये आणि फक्त आकडे द्यावेत. इतरांच्या मते, बाजाराशी रोजचा संबंध असलेल्या व्यवस्थापनाचे अनुमान बाहेरच्या माणसाच्या अनुमानापेक्षा मोलाचे आहे आणि ते गाळल्यास या प्रकरणाचा हेतूच उरत नाही.

एकंदर चित्र

आजवरच्या चर्चेतून एवढे स्थिर झालेले दिसते की, महसुलाच्या बदलाची गणिती फोड ही वादाची बाब कमी आणि शिस्तीची बाब अधिक आहे. जेथे मोजण्याजोगे एकक आहे, तेथे ती देता येते आणि परस्परांना झाकणारे बदल तिच्याशिवाय उघड होत नाहीत. खरा मतभेद तिच्या पुढच्या पायरीवर, म्हणजे कारणांच्या विधानांवर आहे, आणि तेथे भाषाशुद्धीपेक्षा पुराव्याचा दर्जा सांगण्याची सवय अधिक उपयोगाची ठरते. भारतीय नियमांत गुणोत्तरांसाठी जशी २५ टक्क्यांची मर्यादा आणि स्पष्टीकरणाची अट आहे, तशी अट महसुलाच्या फोडीसाठी असावी का, असल्यास ती कोणत्या उद्योगांना लागू करावी आणि स्पर्धेतील हानीचा दावा कोणत्या निकषांवर मान्य करावा, हे प्रश्न पुढील विचारासाठी खुले आहेत. त्यांची उत्तरे मिळेपर्यंत, मोजलेले, अनुमानलेले आणि अज्ञात यांची सरमिसळ न करणारा परिच्छेद लिहिण्यास सध्याच्या कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.